एकाच शेअरला २१० आणि ११० रुपयांचं टार्गेट! ‘बाय’, ‘होल्ड’, ‘सेल’ रेटिंग नेमकं वाचायचं कसं?

मोबाइलवर शेअर बाजाराचं ॲप उघडलं की रोज अशा ओळी दिसतात : ‘अमुक ब्रोकरेजचं बाय रेटिंग, टार्गेट इतकं’. आकडा मोठा असला की हात आपोआप ‘खरेदी’च्या बटणाकडे जातो. पण त्याच शेअरला दुसऱ्या ब्रोकरेजने जवळपास निम्मं टार्गेट दिलं असेल, तर कोणाचं ऐकायचं?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. पुण्याच्या बजाज हाउसिंग फायनान्स या कंपनीच्या बाबतीत सप्टेंबर २०२४ नंतर नेमकं हेच घडलं. त्यावरून रेटिंग आणि टार्गेट प्राइस वाचायची पद्धत समजून घेऊया.

काय घडलं होतं?

आकुर्डीत नोंदणीकृत कार्यालय असलेल्या या गृहकर्ज कंपनीचा ६,५६० कोटी रुपयांचा आयपीओ ९ ते ११ सप्टेंबर २०२४ दरम्यान खुला होता. शेअरची किंमत होती ७० रुपये आणि एक लॉट २१४ शेअर्सचा. म्हणजे एका लॉटला १४,९८० रुपये लागत. आयपीओसाठी ३ लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेची मागणी आली.

१६ सप्टेंबरला शेअर १५० रुपयांना लिस्ट झाला आणि पहिल्या दिवशी १६५ रुपयांच्या जवळ बंद झाला. लगेचच फिलिपकॅपिटल या ब्रोकरेजने ‘बाय’ रेटिंग आणि २१० रुपयांचं टार्गेट दिलं. १८ सप्टेंबरला शेअर १८८.५० रुपयांपर्यंत चढला. त्यानंतर थोड्याच काळात एचएसबीसीने याच कंपनीला ‘रिड्यूस’, म्हणजे हिस्सा कमी करा, असं रेटिंग दिलं. त्यांचं टार्गेट होतं ११० रुपये. तेव्हा शेअर दीडशेच्या आसपास होता.

आता समजा, जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकमधील एका शेतकरी कुटुंबाला या आयपीओत एक लॉट लागला. १४,९८० रुपयांचे पहिल्याच दिवशी ३५ हजारांच्या वर झाले. २१०चं टार्गेट खरं मानलं तर त्यांचे जवळपास ४५ हजार होणार होते. ११०चं खरं मानलं तर साडेतेवीस हजारच उरणार होते. ठेवायचे की विकायचे?

टार्गेट येतं कुठून?

टार्गेट प्राइस म्हणजे साधारण पुढच्या १२ महिन्यांत शेअरची किंमत किती असावी, याचा विश्लेषकाने मांडलेला हिशेब. मॉडेल कितीही मोठं असलं, तरी शेवटी बहुतेक वेळा दोनच आकड्यांचा गुणाकार असतो.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेणाऱ्याला हा हिशेब नवा नाही. किती क्रेट निघतील गुणिले क्रेटला काय भाव मिळेल. पहिला आकडा शेतात फिरून बराचसा सांगता येतो. दुसरा त्या दिवशीच्या बाजारावर असतो.

शेअरमध्ये ‘क्रेट’ म्हणजे कंपनीचा नफा किंवा पुस्तकी मूल्य. कंपनीची सगळी देणी वजा करून भागधारकांच्या वाट्याला जे उरतं, ते पुस्तकी मूल्य. ‘भाव’ म्हणजे बाजार त्याच्या किती पट पैसे मोजायला तयार आहे. बँका आणि गृहकर्ज कंपन्यांसाठी बहुधा पुस्तकी मूल्याची पट धरतात.

आयपीओनंतर बजाज हाउसिंगचं पुस्तकी मूल्य शेअरमागे साधारण २२ ते २३ रुपये होतं. ७० रुपयांना घेणारा त्याच्या तिपटीहून थोडे जास्त पैसे मोजत होता. १६५ला घेणारा सात पटींहून जास्त मोजत होता. दोन्ही वेळा कंपनी तीच होती, बदलला होता तो फक्त भाव.

आता दोन्ही टार्गेट उलट्या बाजूने तपासू. ब्रोकरेजचं मूळ मॉडेल यापेक्षा सविस्तर असतं, पण मतभेद कुठे आहे ते कळायला इतकं पुरतं. समजा, मार्च २०२६ पर्यंत पुस्तकी मूल्य वाढून २७ रुपये होईल. मग २१० रुपयांचं टार्गेट म्हणजे २७च्या जवळपास पावणेआठ पट आणि ११० रुपयांचं टार्गेट म्हणजे चार पट.

कंपनी वाढेल की नाही, यावर टार्गेट निम्म्यावर येण्याइतका मतभेद होणं अवघड आहे. एवढा मोठा फरक येतो तो मुख्यतः या पटीतून. म्हणून अहवाल हातात आला की आधी शोधायचा तो हा आकडा : विश्लेषकाने किती पट धरली आहे आणि का?

अंदाज बरोबर, तरी किंमत खाली

पुढे काय झालं, ते बघण्यासारखं आहे. मार्च २०२५ला संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीचा नफा १,७३१ कोटींवरून २,१६३ कोटी रुपयांवर गेला, म्हणजे २५ टक्के वाढला. कर्जाचा पसाराही १ लाख १४ हजार कोटींच्या पुढे गेला. कंपनी चांगली वाढेल म्हणणारे चुकले नव्हते.

तरीही लिस्टिंगनंतर वर्षभराने, सप्टेंबर २०२५ मध्ये, शेअर ११० रुपयांच्या आसपास होता. क्रेट वाढले होते, भाव उतरला होता. १८०-१८५ रुपयांना घेणाऱ्याचं ‘चांगली कंपनी आहे’ हे मत खरं ठरलं आणि पैसे मात्र कमी झाले. ७० रुपयांना लॉट मिळालेलं कुटुंब तेव्हाही फायद्यात होतं.

‘बाय’ म्हणजे नक्की किती?

रेटिंग म्हणजे टार्गेट आणि चालू किंमत यांतलं अंतर. बऱ्याच संस्थांत १२ महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वाढ अपेक्षित असेल तर ‘बाय’ म्हणतात. काही ठिकाणी हा आकडा १० किंवा २० टक्के असतो. काही संस्था ‘आउटपरफॉर्म’ म्हणतात, म्हणजे निर्देशांकापेक्षा बरं. निर्देशांक २० टक्के पडला आणि शेअर १० टक्के पडला, तरी ते रेटिंग बरोबरच ठरतं. त्यामुळे दोन संस्थांचे शब्द एकमेकांशी जुळवण्याआधी व्याख्या बघावी लागते. ती अहवालाच्या शेवटच्या पानांवर असते.

१६५ रुपयांवरून २१०चं टार्गेट म्हणजे २७ टक्के वाढ. पण दोनच दिवसांत शेअर १८८.५० झाला, तेव्हा त्याच टार्गेटपर्यंत जेमतेम ११ टक्के उरले होते. १५ टक्क्यांची व्याख्या लावली तर त्या किमतीला तो ‘बाय’ राहतच नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या स्क्रीनशॉटवर मात्र ‘बाय, टार्गेट २१०’ एवढंच असतं.

उलट बाजूनेही असंच आहे. ११०चं टार्गेट दीडशेच्या किमतीला ‘रिड्यूस’ होतं. शेअर १०५वर आला आणि टार्गेट तेच राहिलं, तर ‘रिड्यूस’ला अर्थ उरत नाही. म्हणून रेटिंग वाचताना अहवालाची तारीख आणि त्या दिवशीची किंमत या दोन गोष्टी सोबत नसतील, तर ते रेटिंग अर्धवट आहे असं समजावं.

मग ‘सेल’वालेच नेहमी बरोबर?

नाही. पेटीएमचा शेअर आयपीओत २,१५० रुपयांना विकला गेला. १८ नोव्हेंबर २०२१ला लिस्टिंगच्या दिवशीच मॅक्वायरीने ‘अंडरपरफॉर्म’ रेटिंग आणि १,२०० रुपयांचं टार्गेट दिलं. शेअर त्याच दिवशी २७ टक्के पडला आणि पुढच्या काही महिन्यांत १,२००च्याही बराच खाली गेला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये, पेटीएम पेमेंट्स बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातल्यानंतर, त्याच मॅक्वायरीने टार्गेट ६५० वरून २७५ रुपयांवर आणलं. मे महिन्यात शेअर ३१०च्या आसपास गेला खरा, पण डिसेंबर २०२४ मध्ये तो १,००० रुपयांच्या पुढे होता. संस्था तीच, एकदा ठळकपणे बरोबर, एकदा चूक. नाव बघून टार्गेटवर विसंबणं म्हणूनच धोक्याचं.

‘सेल’ कमी का दिसतात, यालाही कारण आहे. विश्लेषकाला कंपनीच्या अधिकाऱ्यांना भेटायचं असतं, ब्रोकरेजच्या मोठ्या ग्राहकांकडे तोच शेअर असतो आणि उद्या त्याच कंपनीचं काम ब्रोकरेजला मिळू शकतं. त्यामुळे नाराजी अनेकदा ‘होल्ड’ या सौम्य शब्दात येते. जुना ‘बाय’ अचानक ‘होल्ड’ झाला असेल, तर तो बदल नुसत्या शब्दापेक्षा जास्त सांगतो.

अहवालात काय बघायचं?

सेबीच्या २०१४ च्या रिसर्च ॲनालिस्ट नियमांनुसार रेटिंगची व्याख्या अहवालात द्यावी लागते. विश्लेषकाचा किंवा संस्थेचा त्या कंपनीत आर्थिक हितसंबंध आहे का, गेल्या १२ महिन्यांत कंपनीकडून मोबदला मिळाला का, हेही सांगावं लागतं. संस्था वर्षभरापासून रेटिंग देत असेल, तर शेअरच्या किमतीचा आलेखही द्यावा लागतो. जुनी टार्गेट त्याच्याशी ताडून बघता येतात.

खरेदी किंवा विक्री करण्याआधी एवढं तपासा :

• तारीख आणि त्या दिवशीची किंमत. आजच्या किमतीवरून टार्गेटपर्यंत किती टक्के उरलेत, ते स्वतः काढा.

• पट. टार्गेटला पुस्तकी मूल्याने किंवा नफ्याने भागा. ही पट आजवरच्या पटीपेक्षा आणि त्याच धंद्यातल्या इतर कंपन्यांपेक्षा जास्त का, याचं कारण अहवालात आहे का?

• धोके. बजाज हाउसिंगमध्ये आयपीओनंतरही प्रवर्तकाकडे ८८ टक्क्यांहून अधिक हिस्सा होता. नियमाने तो ७५ टक्क्यांवर आणावा लागतो, म्हणजे पुढे शेअर्स बाजारात येणार हे ठरलेलंच होतं. डिसेंबर २०२५ मध्ये बजाज फायनान्सने दोन टक्क्यांपर्यंत हिस्सा विकायला काढला.

• नोंदणी. सेबीकडे नोंदणी असलेल्या विश्लेषकाचा क्रमांक INH ने सुरू होतो आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर नाव-क्रमांक नसलेलं ‘टार्गेट’ आलं, किंवा कोणी नफ्याची हमी दिली, तर तो अहवाल नाही.

बोरी बुद्रुकच्या त्या कुटुंबापुढचा प्रश्न ‘२१० खरं की ११०’ हा नव्हताच. घरबांधणीचं कर्ज देणाऱ्या कंपनीला पुस्तकी मूल्याच्या सात-आठ पट किंमत टिकेल असं आपल्याला वाटतं का, हा होता. वाटत असेल तर ठेवायचं, नसेल तर विकायचं. आणि ठरवता येत नसेल, तर निम्मे शेअर्स विकून मूळ १४,९८० रुपये मोकळे करून घेणं १६५ रुपयांच्या किमतीला सहज शक्य होतं.

(हा लेख माहितीसाठी आहे. यात कोणताही शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा सल्ला दिलेला नाही.)