दिसत नसलेल्या मुंग्या

1953 साली न्यूयॉर्कमधले डॉक्टर हर्बर्ट कुपरमन आणि त्यांचे सहकारी यांनी पाळी जाण्याच्या काळातल्या तक्रारी मोजण्यासाठी 11 कलमांची एक यादी तयार केली. अंगातून वाफा निघणं, झोप न लागणं, धडधड, चिडचिड ही त्यातली कलमं आज सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्याच यादीत हातापायांना झिणझिण्या येणं, चक्कर येणं आणि कातडीवरून मुंग्या चालल्यासारखं वाटणं यांनाही स्वतंत्र जागा होती. म्हणजे या तक्रारी वैद्यकशास्त्राला सत्तर वर्षांपासून माहीत आहेत. तरीही आपल्याकडे बाई त्या सांगते तेव्हा बहुतेकदा "टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकून परत येते.

भारतात पाळी कायमची थांबण्याचं सरासरी वय 46-47 च्या आसपास आहे. मात्र बदल त्याच्या चार-पाच वर्षं आधीच सुरू होतात. लागोपाठच्या दोन पाळ्यांच्या अंतरात वारंवार सात किंवा त्याहून जास्त दिवसांचा फरक पडू लागला, की हा काळ सुरू झाला असं धरतात. याचा अर्थ बेचाळीस-त्रेचाळीसच्या बाईलाही तो लागू होऊ शकतो. "अजून माझी पाळी चालू आहे, मग हे कसं?" असा प्रश्न अनेकींना पडतो, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

या वर्षांत इस्ट्रोजेन हळूहळू, सरळ रेषेत उतरत जातं असा समज आहे. प्रत्यक्षात ते वरखाली हेलकावे खातं. अंडाशयात बीजं कमी उरलेली असतात, त्यामुळे मेंदूतली ग्रंथी त्याला जागं करण्यासाठी एफएसएच हे संप्रेरक जास्त प्रमाणात सोडते. एखाद्या महिन्यात अंडाशय त्याला जोरदार प्रतिसाद देतं आणि इस्ट्रोजेन तरुणपणापेक्षाही वर जातं. पुढच्या महिन्यात प्रतिसादच येत नाही आणि ते धाडकन खाली येतं. पंचेचाळिशीनंतर एकदाच एफएसएच तपासून फारसं काही कळत नाही ते यामुळेच. आजचा आकडा आणि तीन आठवड्यांनंतरचा आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

या हेलकाव्यांचा त्वचेशी काय संबंध? इस्ट्रोजेनला ओळखणारे ग्राही गर्भाशयात असतात तसे त्वचेच्या पेशींतही असतात. त्याच्या जोरावर त्वचा स्वतःचं तेल, पाणी धरून ठेवणारे घटक आणि कोलॅजन तयार करते. पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन जवळजवळ तीस टक्क्यांनी घटू शकतं. पेशींमधला स्निग्ध थर विरळ झाला की आतलं पाणी उडून जातं, त्वचा कोरडी पडते आणि साबण, घाम, लोकरीचा स्वेटर अशा एरवी चालणाऱ्या गोष्टीही तिला टोचू लागतात. नडग्या, दंड, पाठ इथे खाज आधी जाणवते. त्यावर पुरळ नसतं. दिसतात ते फक्त नखांचे ओरखडे.

मुंग्या चालल्याची जाणीव मात्र कोरडेपणाने पुरती समजत नाही. खाज आणि सूक्ष्म स्पर्श मेंदूपर्यंत नेणारे बारीक मज्जातंतू त्वचेत पसरलेले असतात आणि त्यांच्या पेशी पाठीच्या कण्यालगतच्या गाठींत असतात. या पेशींतही इस्ट्रोजेनचे ग्राही सापडले आहेत. मज्जातंतूने किती सहज संदेश पाठवायचा हे काही अंशी त्यावर ठरतं. इस्ट्रोजेन झपाट्याने खाली आलं, की बाहेर काहीही नसताना हे तंतू संदेश धाडू लागतात आणि मेंदू त्याचा अर्थ 'काहीतरी सरपटतंय' असा लावतो. हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींवरही इस्ट्रोजेनचा परिणाम होतो. या साखळीतला प्रत्येक दुवा अजून पक्का सिद्ध झालेला नाही, पण बाईला ही जाणीव खरीखुरी होत असते, त्यात शंका नाही. रात्री ती वाढते, कारण पांघरुणात त्वचा गरम होते आणि मन गुंतवायला दुसरं काही नसतं. अंगातून वाफ निघण्याच्या क्षणी ती हटकून येते, कारण तेव्हा त्वचेतल्या रक्तवाहिन्या एकदम रुंदावतात.

त्याच रुंदावण्यामुळे रक्तदाब क्षणभर घसरतो आणि डोकं हलकं होतं. चक्कर येण्याची ही एक वाट झाली. दुसरी वाट पाळीतूनच जाते. बीज न सुटलेल्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि मग पाळी येते ती गाठींसह, दर दीड-दोन तासांनी पॅड बदलायला लावणारी. असे सहा-आठ महिने गेले की शरीरातलं लोह संपत येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे आपल्याकडची बाई या काळात शिरते तीच मुळी रिकाम्या साठ्यानिशी.

इथेच खरी मेख आहे. या वयात सगळं संप्रेरकांवर ढकलणं जितकं चूक, तितकंच 'मनाचे खेळ' म्हणणंही चूक. बऱ्याचदा एकाच बाईत दोन-तीन कारणं गुंतलेली असतात आणि ती सुटी करावी लागतात.

नमुन्यादाखल एक कल्पित उदाहरण घेऊ. 46 वर्षांच्या शिक्षिका, शाकाहारी. पूर्वी 28 दिवसांनी येणारी पाळी आता कधी 23, कधी 40 दिवसांनी येते आणि खूप जाते. नडग्यांना खाज, रात्री दंडांवर आणि डोक्यात मुंग्या, सकाळी बोटांना झिणझिण्या, फळ्याशी वाकून उठताना भोवळ. आधी त्यांनी मेडिकलच्या दुकानातून खाजेची ट्यूब आणली. अशा अनेक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. दोन दिवस बरं वाटतं, पण महिनाभर चोळत राहिलं की आधीच पातळ झालेली त्वचा आणखी पातळ होते.

डॉक्टरांनी त्यांना दोन कामं सांगितली. पहिलं म्हणजे वहीत पाळीची तारीख आणि त्यापुढे रोजची तक्रार लिहायची. दुसरं म्हणजे रक्त तपासायचं: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12, थायरॉइड, तीन महिन्यांची सरासरी साखर, यकृत आणि मूत्रपिंड. हिमोग्लोबिन निघालं 9.6, बाईला ते निदान 12 हवं. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन 8, म्हणजे साठा जवळपास रिकामा. बी-12 निघालं 160. ते 200 च्या खाली गेलं की कमतरता समजतात. बाकी सगळं ठीक. आता वहीकडे पाहिलं तर झिणझिण्या रोजच होत्या आणि भोवळ पाळीच्या आठवड्यात वाढत होती. मुंग्या मात्र पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि वाफांच्या वेळी येत होत्या. म्हणजे झिणझिण्यांसाठी बी-12 कडे बोट जात होतं, भोवळीसाठी लोहाकडे आणि मुंग्यांसाठी इस्ट्रोजेनकडे. एका गोळीने तिन्ही जाणार नव्हत्या.

त्यांना लोह सुरू झालं, चहापासून दोन तास लांब, लिंबूपाण्याबरोबर. बी-12 ची इंजेक्शनं झाली. इतकं रक्त का जातं हे पाहायला सोनोग्राफी झाली. कारण गळती चालू ठेवून लोह भरत राहण्यात अर्थ नसतो. त्वचेसाठी आंघोळीचं पाणी कोमट, पाच-दहा मिनिटांत आंघोळ, साबण फक्त काखा-जांघांना, बादलीत जंतुनाशकाचे थेंब बंद, आणि अंग टिपून ओलसर असतानाच बिनवासाचं क्रीम, पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल. घासून लावायचं उटणं आणि काथ्या या दिवसांत नको. सुती कपडे, आणि रात्री खोली गार.

संप्रेरकांचे उपचार, म्हणजे बाहेरून इस्ट्रोजेन देणं, यांचा सर्वांत खात्रीचा उपयोग वाफा आणि रात्रीच्या घामावर होतो. त्या आटोक्यात आल्या की त्यांच्यासोबत येणारी भोवळ आणि मुंग्याही अनेकदा कमी होतात. पण केवळ खाज किंवा मुंग्यांसाठी ते सुरू करावं इतका भक्कम पुरावा नाही. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झालेल्या असतील किंवा रक्तस्रावाचं कारण सापडलेलं नसेल तर ते सहसा देत नाहीत. गर्भाशय असलेल्या बाईला सोबत प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं. म्हणून मैत्रिणीची गोळी आपल्याला चालत नाही.

डॉक्टरकडे जाल तेव्हा नुसतं "मुंग्या येतात, चक्कर येते" यावर थांबू नका. कातडीवरून काही सरपटतं की बोटं बधिर होतात? अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होऊन हात झटकावा लागत असेल, तर मनगटात नस दबत असण्याची शक्यता आहे. कूस बदलली की खोली काही सेकंद गरगर फिरत असेल, तर आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागेवरून हलले असू शकतात. हा त्रास या वयातल्या स्त्रियांना जास्त होतो आणि डोकं ठरावीक क्रमाने वळवून तो दवाखान्यातच काही मिनिटांत थांबवता येतो. बोटांच्या बेचक्यांत खाज असेल आणि घरातल्या इतरांनाही असेल, तर ती खरूज असते, तिथे इस्ट्रोजेनचा काही संबंध नसतो.

काही गोष्टींत मात्र वही भरत बसू नये. अचानक शरीराची एक बाजू बधिर होणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं असं झालं तर तडक रुग्णालय गाठावं. खाजेबरोबर डोळे पिवळे होत असतील, वजन उतरत असेल किंवा रोज ताप येत असेल तर त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी. आणि पाळी थांबून सलग 12 महिने झाल्यावर पुन्हा रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी "राहिलेली पाळी आली" असं म्हणून गप्प न बसता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं.