ओळखीचा रकाना

बी.कॉम.च्या वर्गात अ‍ॅन्युइटीचा तास म्हणजे फळाभर आकडे. अ‍ॅन्युइटी म्हणजे ठरावीक काळाने भरायचे किंवा मिळायचे सारखे हप्ते. दीड तासात मी दहा-अकरा उदाहरणं सोडवून देते आणि मुलं ती जशीच्या तशी वहीत उतरवतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एक मुलगी अशीच वही घेऊन आली. एकही पायरी चुकलेली नव्हती. मी तिला त्याच वहीतलं एक उदाहरण आकडे बदलून कागदावर लिहून दिलं, तर तिचा पहिला प्रश्न आला, "मॅडम, यात कुठलं सूत्र लावायचं?" सूत्र तिला पाठ होतं आणि लावताही येत होतं. कुठे लावायचं, तेवढंच वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण वर्गात ते ठरवण्याचं काम दर वेळी मीच केलं होतं. "आता सिंकिंग फंडाचं घेऊ" असं म्हणून मी फळ्याकडे वळायचे आणि तिथेच उदाहरणाचा अवघड भाग संपून जायचा.

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून ती वही नव्याने मांडली. आडव्या धरलेल्या कागदावर तीन रकाने केले: प्रकार, ओळख आणि सोडवलेलं उदाहरण. तासाला ज्या क्रमाने उदाहरणं झाली तो क्रम सोडून दिला. अकरा उदाहरणं वाटून पाहिली तर प्रकार चारच निघाले. एकदाच ठेवलेल्या रकमेचे पुढे किती होतील, हा पहिला. पुढे अमुक रक्कम हवी तर आज एकदाच किती ठेवावी, हा दुसरा. दरवर्षी ठेवत गेलो तर शेवटी किती साठतील, हा तिसरा. आज घेतलेली रक्कम हप्त्यांनी कशी फिटेल, हा चौथा. बाकीची सात उदाहरणं याच चारांची रूपं होती. कुठे हप्ता दिलेला आणि एकूण रक्कम विचारलेली, कुठे त्याच्या उलट. सहामाही व्याज आलं की मुलं वेगळा प्रकार मांडतात, पण तो प्रकार नाही. हप्तेही सहामाही असतील तर दर निम्मा आणि मुदती दुप्पट, एवढाच फरक, आणि तो उदाहरणाशेजारी एका ओळीत मावतो.

मधला रकाना मात्र सहज भरला गेला नाही. तिने पहिल्या झटक्यात चौथ्या प्रकारापुढे लिहिलं, "मशीन, १ लाख, ५ वर्षं, ८ टक्के". तिच्या दृष्टीने ती ओळखच होती, कारण फळ्यावरचं उदाहरण मशीनचं होतं. मी तिच्यापुढे दोन प्रश्न ठेवले. पहिला: कारखानदाराने १ लाखाचं मशीन उधारीवर आणलं, ८ टक्के चक्रवाढ व्याजाने दर वर्षअखेरीस एक असे पाच सारखे हप्ते द्यायचे, हप्ता किती? दुसरा: पाच वर्षांनी १ लाखाचं नवं मशीन घ्यावं लागणार, त्यासाठी ८ टक्के मिळणाऱ्या ठेवीत दर वर्षअखेरीस सारखी रक्कम टाकायची, ती किती? मशीन दोन्हींत आहे, लाखही आणि पाच वर्षंही. पहिल्याचं उत्तर २५,०४६ रुपये आणि दुसऱ्याचं १७,०४६.

या दोन उत्तरांत बरोबर ८,००० रुपयांचा फरक आहे, म्हणजे १ लाखावरचं ८ टक्क्यांनी होणारं एका वर्षाचं व्याज. हा योगायोग नव्हे. कर्ज घेणाऱ्याने मुद्दल तसंच ठेवून दरवर्षी फक्त व्याजाचे ८,००० सावकाराला दिले आणि शेवटी एकदम १ लाख परत करता यावेत म्हणून वेगळी पुंजी साठवली, तर त्या पुंजीसाठी दरवर्षी १७,०४६ लागतील. दोन्ही मिळून २५,०४६ होतात. त्यामुळे प्रकार चुकला की उत्तर थोडंसं चुकत नाही, दरवर्षी अख्ख्या व्याजाएवढं चुकतं.

चूक पकडायचा सोपा उपायही यातच आहे. २५,०४६ चे पाच हप्ते म्हणजे सुमारे १ लाख २५ हजार, लाखाहून जास्त. व्याज तुम्ही देताय. १७,०४६ चे पाच म्हणजे सुमारे ८५ हजार, लाखाहून कमी. व्याज तुम्हाला मिळतंय. कर्जाच्या उदाहरणात हप्त्यांची बेरीज कर्जापेक्षा कमी आली तर पुढचं गणित तपासत बसू नये, प्रकारच चुकलेला असतो.

म्हणून "मशीन" खोडलं. त्या जागी काय लिहायचं यावर बराच वेळ गेला. "कर्ज" लिहावं तर भाड्याच्या, पेन्शनच्या उदाहरणांत तो शब्द नसतो, पण गणित तेच असतं. शेवटी तिनेच एक आडवी रेघ ओढली, तिच्यावर ० ते ५ खुणा केल्या आणि हप्त्यांसाठी छोटे बाण काढले. लाखाचा मोठा बाण उधारीच्या उदाहरणात शून्यावर आला, बचतीच्या उदाहरणात पाचावर. मग तिसऱ्या ओळीत तिने लिहिलं, "मोठी रक्कम हप्त्यांच्या नंतर" आणि चौथीत, "मोठी रक्कम हप्त्यांच्या आधी". मला हे फार पटलं, कारण या ओळखीत कथेतली एकही वस्तू नाही. मशीनच्या जागी ट्रॅक्टर आला, मुलीचं शिक्षण आलं, तरी ती लागू पडते.

कथेवरून ओळखायची सवय नवशिक्यांना सगळीकडेच असते. मिशेलिन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेसर यांनी १९८१ साली भौतिकशास्त्रातल्या उदाहरणांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. उदाहरणांचे गट पाडायला सांगितल्यावर नवख्या विद्यार्थ्यांनी उताराची एकीकडे, कप्पीची दुसरीकडे, स्प्रिंगची तिसरीकडे अशी वाटणी केली. जाणकारांनी ती ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारी, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने सुटणारी अशी वाटली. आमच्या वहीतलं "मशीन" म्हणजे तिथला "उतार".

मोठी रक्कम कुठे आहे हे कळल्यावर एक गोष्ट उरते: पहिला हप्ता कधी? ओळखीच्या रकान्यात हिला वेगळी ओळ हवीच, कारण सर्वांत जास्त गुण इथे जातात. दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. "३१ मार्च २०२१ पासून दर ३१ मार्चला १०,००० रुपये, पाच हप्ते." "१ एप्रिल २०२० पासून दर १ एप्रिलला १०,००० रुपये, पाच हप्ते." दोन्हींत ३१ मार्च २०२५ ला किती साठले हे विचारलंय आणि दर तोच ८ टक्के आहे. पहिल्यात शेवटचा हप्ता हिशेबाच्याच दिवशी भरलाय, त्याला एक पैसाही व्याज नाही. उलट्या क्रमाने बेरीज करू: १०,०००, मग १०,८००, ११,६६४, १२,५९७ आणि १३,६०५, एकूण ५८,६६६. दुसऱ्यात प्रत्येक हप्त्याला एक वर्ष जास्त मिळतं, म्हणून ५८,६६६ ला १.०८ ने गुणायचं: ६३,३५९. "वर्षाच्या सुरुवातीला", "आगाऊ", "आजपासून" हे शब्द दुसऱ्या तऱ्हेचे. विम्याचा हप्ता आणि आगाऊ भाडं यांतलेच. बँकेच्या कर्जाचा हप्ता साधारणपणे पैसे हातात पडल्यावर महिन्याने सुरू होतो, तो पहिल्या तऱ्हेचा. प्रश्नात यांपैकी काहीच नसेल तर हप्ता मुदतीच्या अखेरीस धरायचा, हा आपल्याकडच्या पुस्तकांचा रिवाज आहे आणि तोही रकान्यात लिहून ठेवावा.

एवढं झाल्यावर कागद इतका नेटका दिसू लागला की मलाच भीती वाटली. वाटणी केलेल्या कागदात एक धोका असतो. "प्रकार ४" या मथळ्याखाली चार उदाहरणं सोडवली की चारही पटापट सुटतात, कारण ओळखण्याचं काम मथळ्याने करून टाकलेलं असतं. म्हणजे फळ्यापुढे उभी राहून मी जे करत होते, तेच आता कागद करू लागतो. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली याचीच परीक्षा घेतली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका छोट्या गटाला चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एकेका आकृतीची उदाहरणं सलग सोडवली, काहींनी चारही मिसळून. सरावात सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर राहिले.

म्हणून तो कागद समजून घेण्यासाठी आहे, सरावासाठी नाही. सरावासाठी आम्ही अकराही प्रश्न चिठ्ठ्यांवर उतरवले, आकडे बदलून आणि मथळा न देता. चिठ्ठी उचलायची, रेघ काढायची, बाण मांडायचे, प्रकाराचा आकडा लिहायचा आणि पुढची चिठ्ठी घ्यायची. सोडवायचं नाही. अकरा चिठ्ठ्यांना वीस मिनिटं पुरतात. जिथे प्रकार चुकला तिथे उदाहरण पुन्हा सोडवून उपयोग नसतो, ओळखीचा रकाना दुरुस्त करावा लागतो. त्या मुलीचा तिसऱ्या प्रकारापुढचा मजकूर तीनदा बदलला, आणि तिच्या कागदावरची सर्वांत कामाची जागा तीच खाडाखोडीची होती.

काही चिठ्ठ्या कुठल्याच ओळीत बसत नाहीत. दहा वर्षं साठवून पुढची पंधरा वर्षं त्यातून दरवर्षी काढायचे, असं निवृत्तीचं उदाहरण आलं की मुलं पाचवी ओळ उघडतात. ती उघडू नये. रेघेवर साठवणं संपून काढणं सुरू होतं तिथे उभी खूण करायची. खुणेच्या डावीकडे तिसरा प्रकार आहे, उजवीकडे चौथा, आणि दोन्हींची मोठी रक्कम त्याच खुणेवर एकच आहे. ती उजवीकडून काढायची आणि डावीकडे वापरायची.

आता एक चिठ्ठी वाचकांसाठी. दुकानाचं भाडं दरवर्षी २०,००० रुपये आहे, ते वर्षाच्या सुरुवातीला द्यायचं, आणि पहिलं आजच. मालक म्हणतो, पाचही वर्षांचं भाडं आज एकरकमी दिलंत तर चालेल. व्याजदर ८ टक्के धरला तर आज किती देणं योग्य? आधी रेघ ओढा. उत्तर ८६,२४३ आलं तर मांडणी बरोबर आहे. ७९,८५४ आलं असेल तर पहिला बाण कुठे काढलाय ते पुन्हा पाहा.