बातम्यांवर विश्वास कोणाचा, आणि किती?

माणूस जितका शिकलेला, तितका त्याचा बातम्यांवर विश्वास कमी, असा निष्कर्ष एखाद्या पाहणीतून निघाला की त्याचा मथळा चटकन होतो. पण आपल्याकडे साठीच्या पुढच्या पिढीला शाळा कमी मिळाली आणि तिशीतल्यांना जास्त. मग विश्वास कमी झाला तो शिक्षणामुळे, की ती माणसं तरुण आहेत म्हणून? मल्टिपल रिग्रेशन वापरतात ते हा गुंता सोडवण्यासाठी.

समजा, एका तालुक्यात ४०० प्रौढांची पाहणी केली. बातम्या खऱ्या असतात का, पूर्ण असतात का, दोन्ही बाजू मांडतात का, असे पाच प्रश्न विचारले. प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि त्यांची सरासरी म्हणजे त्या माणसाचा विश्वासाचा आकडा. सोबत वय, शाळा-कॉलेजची वर्षं आणि रोज टीव्ही व मोबाइलवर बातम्या पाहण्यात जाणारा वेळ. पुढचे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.

आधी एकटं शिक्षण घेऊन पाहू. शिक्षणाचं एक वर्ष वाढलं की विश्वास ०.०५ ने घटतो. म्हणजे दहावी झालेला आणि पदवीधर यांच्यात पाच वर्षांचा, म्हणून पाव गुणाचा फरक. आता समीकरणात वय घातलं. वयाचा गुणांक आला ०.०२, आणि शिक्षणाचा उरला फक्त उणे ०.०१. बाकीचं कुठे गेलं? या नमुन्यात शिक्षणाचं एक वर्ष वाढलं की वय सरासरी दोन वर्षांनी कमी होत होतं. दोन गुणिले ०.०२ म्हणजे ०.०४. वयाचा तेवढा वाटा शिक्षणाच्या खात्यात जमा झाला होता. एकाच वयाचे दहावी पास आणि पदवीधर शेजारी उभे केले, तर फरक जेमतेम ०.०५ गुणाचा. मथळा तिथेच कोसळतो.

तिसऱ्या टप्प्यात बातम्यांचा वेळ येतो. इथे हौसेनं सगळंच कोंबण्याचा मोह होतो: मोबाइलचे तास, व्हॉट्सॲपचे तास, एकूण स्क्रीनचे तास. हे आकडे एकमेकांच्या मागेमागे चालतात, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे गणिताला ठरवता येत नाही. व्हीआयएफ नावाचा आकडा हे दाखवतो. तो १ च्या आसपास असला तर चिंता नाही. १० झाला, तर त्या चलातली ९० टक्के माहिती बाकीच्या चलांत आधीच आहे असं समजायचं. अशा वेळी त्यातलं एकच ठेवावं.

उत्तर मिळालं म्हणून काम संपत नाही, आणि माझ्या मते बहुतेक अहवाल इथेच कमी पडतात. समीकरणानं वर्तवलेला आणि माणसानं दिलेला आकडा यांतला फरक म्हणजे रेसिड्युअल. आडव्या अक्षावर वर्तवलेला विश्वास, उभ्यावर रेसिड्युअल असा आलेख काढायचा. ठिपके शून्याच्या रेषेभोवती कसेही विखुरलेले असले, तर ठीक. पण दोन्ही टोकांना ठिपके वर आणि मधे खाली दिसले, तर सरळ रेषा चुकीची आहे. वयासाठी वेगळा आलेख काढला की कळतं: विशीतले आणि सत्तरीतले अंदाजापेक्षा जास्त विश्वास ठेवत आहेत, चाळिशीतले कमी. मग वयाचा वर्गही समीकरणात घ्यावा लागतो. ठिपके एका बाजूला नरसाळ्यासारखे फाकत गेले, तर गुणांक टिकतात, पण त्यांच्या चुकीची मर्यादा फसवी निघते. ती विषम विखुरणं गृहीत धरणाऱ्या पद्धतीनं पुन्हा काढतात. घंटेच्या आकाराची अपेक्षा करायची तीही या रेसिड्युअलकडून. वय किंवा शिक्षण त्या आकाराचं असण्याची गरजच नसते, तरी लोक तेच तपासत बसतात.

एक गृहीतक मात्र या आलेखात दिसत नाही. पाहणी करणाऱ्यानं सोयीसाठी एकाच घरातले पाच-पाच जण गाठले, तर ते एकच टीव्ही पाहतात, जेवताना एकाच बातमीवर बोलतात. त्यांची उत्तरं स्वतंत्र नाहीत. घरातल्या उत्तरांचा परस्परसंबंध ०.२५ असला, तरी सरासरी काढण्यापुरतं ४०० माणसांचं वजन २०० इतकंच उरतं. हे नमुना गोळा करणाऱ्यालाच विचारावं लागतं. नमुना कोणाचा, हाही प्रश्न त्यातच येतो. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या ‘डिजिटल न्यूज रिपोर्ट’मधला भारताचा नमुना मुख्यतः इंग्रजी जाणणाऱ्या, ऑनलाइन बातम्या वाचणाऱ्यांचा असतो. त्यातला शिक्षणाचा गुणांक चौथीनंतर शाळा सुटलेल्या शेतकऱ्याला लावता येणार नाही.

सगळ्या चाचण्या पार पडल्या तरी दोन गोष्टी अनुत्तरित राहतात. जास्त बातम्या पाहिल्यानं विश्वास वाढला, की विश्वास होता म्हणून जास्त पाहिल्या? आणि वयाचा ०.०२ हा वाढत्या वयाचा परिणाम, की दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या पिढीचा? एकाच वर्षीच्या पाहणीत वय आणि जन्मसाल वेगळं करताच येत नाही. त्यासाठी त्याच माणसांना काही वर्षांनी पुन्हा भेटावं लागतं, शिवाय आज तिशीत असलेल्यांची तुलना पूर्वी तिशीत असलेल्यांशी करावी लागते.