रजा मंजूर, कामावर रुजू २१ मे

पुण्याहून युरोपला फिरायला निघालेल्या नोकरदाराची व्हिसाची फाईल व्हीएफएसच्या केंद्रात जमा होते. तिथे बोटांचे ठसे घेतात, फी घेतात (जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, वर केंद्राचं सेवाशुल्क) आणि कागद यादीप्रमाणे आहेत का ते पाहतात. व्हिसा द्यायचा की नाही, हे मात्र काउंटरवरच्या माणसाच्या हातात नसतं. फाईल कॉन्सुलेटमध्ये जाते आणि ती वाचणारा अधिकारी अर्जदाराला बहुतेक वेळा कधीच भेटत नाही. त्याच्यासमोर फक्त कागद असतात.

त्या कागदांवरून त्याला काय ठरवायचं असतं, ते शेंगेन देशांच्या व्हिसा संहितेत लिहिलेलं आहे. २००९ सालच्या या नियमावलीच्या २१व्या कलमानुसार, व्हिसाची मुदत संपण्याआधी हा माणूस परत जाईल का, हे त्याने तपासायचं असतं. नकार द्यायचा झाला तर छापील फॉर्मवर त्यासाठी तयार चौकट आहे : मुदतीपूर्वी देश सोडण्याच्या तुमच्या हेतूबद्दल वाजवी शंका आहे. चौकटीत खूण केली की काम झालं. शंका कशामुळे आली, हे त्यातून फारसं कळत नाही.

फाईलमधले बाकीचे कागद बहुतांशी जाण्याबद्दल बोलतात. तिकीट, हॉटेल, किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा. परत येण्याबद्दल तारखेनिशी बोलणारा कागद एकच, आणि तो अर्जदाराने स्वतः लिहिलेला नसतो. तो म्हणजे कंपनीचं पत्र. ऑफिसात त्याला कोणी एनओसी म्हणतं, कोणी लीव्ह लेटर.

एचआरकडे ‘व्हिसासाठी पत्र हवंय’ एवढंच सांगितलं, तर बऱ्याचदा ठरलेला नमुना हातात पडतो : अमुक व्यक्ती आमच्याकडे अमुक सालापासून काम करते, ती मेहनती व प्रामाणिक आहे, तिला शुभेच्छा. रजेचा उल्लेख नाही, पगाराचा नाही, वर ‘ज्याच्याशी संबंधित असेल त्याला’ असा मोघम मायना. असं पत्र बँकेत खातं उघडायला चालेल. व्हिसा अधिकाऱ्याला प्रामाणिकपणाच्या दाखल्याचं काही करता येत नाही. त्याला हवं असतं ते पासपोर्टवर आहे तसं नाव आणि पासपोर्ट नंबर, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, नोकरी कायम आहे की प्रोबेशनवर, पगार, मंजूर रजा कधीपासून कधीपर्यंत, परत कामावर कधी, आणि प्रवासाचा खर्च कोणाचा. इतकं सगळं एका पानात, आठ-दहा ओळींत सहज मावतं. पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, ताज्या तारखेचं आणि शक्यतो कॉन्सुलेटच्या व्हिसा विभागाला उद्देशून लिहिलेलं असावं.

यातल्या पगाराच्या ओळीपाशी जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो.

समजा, हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी एक बाई मे महिन्यात फ्रान्सला जाणार आहे. तिचं सीटीसी वर्षाला १०,८०,००० रुपये. एचआरने सरळ बाराने भागलं आणि पत्रात लिहिलं, मासिक पगार ९०,००० रुपये. खोटं काहीच लिहिलं नाही. पण फाईलमध्ये पुढे तिचं बँक स्टेटमेंट आहे आणि त्यात दर महिन्याला पगार म्हणून जमा होतात ६७,८३५ रुपये. फेब्रुवारीत तर ६७,७३५.

तिला स्वतःला हिशोब तोंडपाठ आहे. नव्वद हजारांतले ९,००० व्हेरिएबल, ते वर्षाअखेरीस मिळणार. बेसिक ४५,००० असल्यामुळे कंपनीचा पीएफचा वाटा ५,४०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद २,१६५, हे दोन्ही सीटीसीत धरलेले. ते वजा केले की स्लिपवरचा ग्रॉस पगार उरतो ७३,४३५. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ ५,४०० आणि व्यवसाय कर २०० गेला की ६७,८३५. महाराष्ट्रात व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापतात, म्हणून तो शंभराचा फरक. २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत या उत्पन्नावर आयकर लागत नाही, त्यामुळे टीडीएस नाही. आपल्याकडे नोकरी करणाऱ्याला हे सगळं सवयीने कळतं. परदेशी अधिकाऱ्याला मात्र एवढंच दिसतं की कंपनी नव्वद हजार म्हणते आणि खात्यात अडुसष्टही येत नाहीत. बावीस हजार गेले कुठे, हे विचारायला तो सहसा फोन करत नाही.

उपाय साधा आहे. पत्रात सीटीसी हा शब्दच आणू नये. ‘मासिक ग्रॉस पगार ७३,४३५ रुपये, कपातीनंतर बँकेत जमा होणारी रक्कम ६७,८३५ रुपये’ असं लिहून घ्यावं. पहिला आकडा सॅलरी स्लिपशी जुळतो, दुसरा बँक स्टेटमेंटशी. वर्षाचा आकडा द्यायचाच असेल, तर तो फॉर्म १६ आणि आयकर विवरणपत्राच्या शेजारी ठेवून पाहावा. मध्ये पगारवाढ झाली असेल तर तो विवरणपत्राशी जुळणार नाहीच. अशा वेळी पगारवाढीची तारीख पत्रात आली की प्रश्न उरत नाही.

काही कंपन्या पत्रात पगार लिहायला ठाम नकार देतात. धोरण म्हणून. त्यांच्याशी वाद घालण्यात आठवडा घालवण्यापेक्षा शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपांवर सही-शिक्का घ्यावा आणि आपल्या कव्हरिंग लेटरमध्ये तसं एका वाक्यात सांगावं.

आता तारखा. आपल्या या बाईंचं विमान शनिवार, ९ मे २०२६ च्या पहाटे मुंबईहून सुटतं. परतीचं विमान मंगळवारी रात्री पॅरिसहून निघून बुधवारी, २० मे रोजी पोचतं. गुरुवारी २१ला ती ऑफिसात. रजेच्या पोर्टलवर तिने सोमवार ११ ते बुधवार २० अशी आठ दिवसांची रजा टाकली, कारण शनिवार-रविवार सुट्टीच असते. पोर्टलने तेच आकडे पत्रात उतरवले : ‘११ मे ते २० मे, एकूण ८ दिवस’. वाचणारा बोटं मोजतो, तर दिवस भरतात दहा. आणि ९ तारखेला विमानात बसायचं, पण रजा ११ पासून, हे कसं? तुमच्या ऑफिसला शनिवारी सुट्टी असते की नसते, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. भारतात कितीतरी ठिकाणी शनिवारी काम असतं. म्हणून पत्रात लिहावं : ‘९ मे ते २० मे २०२६, साप्ताहिक सुट्ट्या धरून, रजा मंजूर. २१ मे रोजी कामावर रुजू होणे अपेक्षित.’ मला विचाराल तर सगळ्या पत्रात मोलाचं वाक्य हेच दुसरं.

‘मंजूर’ हा शब्दही हवाच. ‘रजेसाठी अर्ज केला आहे’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. आणि अपॉइंटमेंट न मिळाल्यामुळे प्रवास पुढे ढकलला, तर तिकीट-हॉटेलबरोबर हे पत्रही नवं घ्यावं लागतं. घाईत लोक नेमकं हेच विसरतात.

खर्चाच्या ओळीत एक गंमत होते. कामानिमित्त जाणाऱ्यांसाठी एचआरकडे एक नमुना असतो. त्यात ‘प्रवास व राहण्याचा सर्व खर्च कंपनी करेल’ असं छापलेलं असतं आणि पर्यटनाला निघालेल्या माणसाच्या पत्रात ते तसंच राहून जातं. अर्जावर हेतू पर्यटन, पत्रात खर्च कंपनीचा! प्रवासाच्या हेतूबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, अशीही एक चौकट नकाराच्या फॉर्मवर आहे. ‘प्रवास वैयक्तिक असून खर्च कर्मचारी स्वतः करणार आहे’ हे वाक्य नीट पाहून घ्यावं.

खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, ऑफिसचा फोन आणि कंपनीच्या डोमेनवरचा ईमेल असावा. ‘हा संगणकीय दस्तऐवज असल्याने सहीची गरज नाही’ ही तळटीप एचआरला सोयीची असते. व्हिसाच्या फाईलला ती मानवत नाही, तेव्हा सही-शिक्का मागून घ्यावा. क्वचित पडताळणीचा फोन येतो आणि तो उचलणाऱ्याने ‘असं कोणी इथे नाही’ म्हटलं तर घात होतो. हिंजवडी-खराडीकडे हे घडायला एक खास कारण आहे. माणूस बसतो एका बड्या कंपनीच्या इमारतीत, गळ्यात पट्टा तिचाच, पण पेरोल मनुष्यबळ पुरवणाऱ्या दुसऱ्याच कंपनीचा. पत्र पेरोलवाल्या कंपनीचंच हवं, कारण बँक स्टेटमेंटमध्ये आणि फॉर्म १६ वर तिचंच नाव असतं. प्रत्यक्ष कामाचं ठिकाण वेगळं आहे, हे त्याच पत्रात सांगून टाकावं.

छोट्या पेढीत किंवा दुकानात काम करणाऱ्याला एचआर नसतो, मालक असतो. मालकाने लेटरहेडवर लिहून दिलं तरी चालतं, सोबत गुमास्ता परवान्याची किंवा जीएसटी नोंदणीची प्रत जोडावी, म्हणजे पेढी खरोखर आहे हे दिसतं. पगार रोखीत मिळत असेल तर पत्राला बँकेचा दुजोरा मिळत नाही आणि तिथे पत्र कितीही सुबक असलं तरी लंगडं पडतं. घरच्याच धंद्यात नोकरीला असलेल्या मुलाला वडिलांनी पत्र दिलं, तर आडनाव सारखं दिसणारच. नातं कव्हरिंग लेटरमध्ये आपणहून सांगितलेलं बरं.

अवघड जागी सापडतो तो नोटीस पीरियडवरचा माणूस. राजीनामा दिलाय, ३० एप्रिल शेवटचा दिवस, १ जूनला नवी नोकरी, आणि मधल्या महिन्यात युरोप. जुन्या कंपनीकडून ‘२१ मेला रुजू होईल’ असं लिहून घ्यायचा मोह होतो, एचआरमधली ओळखीची व्यक्ती देईलही. ते खोटं आहे आणि पकडलं जाऊ शकतं. जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर किंवा राजीनामा स्वीकारल्याचं पत्र, नव्या कंपनीचं रुजू होण्याची तारीख असलेलं ऑफर लेटर आणि परिस्थिती सरळ सांगणारं कव्हरिंग लेटर, असे तीन कागद लावले की १ जून ही परतीची तारीख होते. जमलं तर नव्या कंपनीकडून या तारखांना हरकत नसल्याचा ईमेलही घ्यावा.

आणि एजंट. नोकरी नसलेल्याला किंवा पगार कमी असलेल्याला काही जण लेटरहेडसकट पत्र तयार करून देतात, स्लिपाही देतात. त्यावरच्या नंबरवर फोन केला तर एजंटचाच माणूस उचलतो. पण त्या पगाराचा पीएफ नसतो, फॉर्म १६ नसतो, विवरणपत्रात ते उत्पन्न नसतं. शेंगेन देशांत नाकारलेला अर्ज त्यांच्या सामाईक व्हिसा नोंदींमध्ये पाच वर्षं राहतो आणि फ्रान्सने नाकारलं ते इटलीच्या अधिकाऱ्यालाही दिसतं. ब्रिटनच्या व्हिसा अर्जात फसवणूक सिद्ध झाली, तर तिथली बंदी साधारणपणे दहा वर्षांची असते. अर्जावर सही अर्जदाराची असते, एजंटचं नाव त्यात कुठेही नसतं.