चावी दिली, डोळा राहिला

श्टुटगार्टचं भाड्याचं घर सोडून आम्ही कार्ल्सरूहला आलो, त्याला नऊ दिवस झाले होते. रात्री जेवताना फोन किणकिणला. पडद्यावर जर्मनमध्ये दोनच शब्द: Bewegung erkannt. म्हणजे हालचाल दिसली. पण घरातला एकमेव कॅमेरा तर आम्ही मागे ठेवून आलो होतो. सूचनेवर बोट ठेवलं आणि आमचीच जुनी बैठकीची खोली समोर आली. भिंतीवरची खिळ्याची खूण तीच, पडदे तेच, आणि पडद्यांशी झटापट करणारी नवी भाडेकरू मुलगी.

मी ॲप लगेच बंद केलं आणि तिला फोन लावला. सुदैवाने ती हसली. चूक माझी होती.

झालं होतं असं. जर्मनीत घर सोडताना पडदे, दिवे, कधी अख्खं स्वयंपाकघरसुद्धा पुढच्या भाडेकरूला म्हणजे नाखमीटरला विकायची पद्धत आहे. आम्ही पडदे, दोन दिवे, राउटर आणि लेकीच्या पाळण्यावर नजर ठेवणारा छोटा कॅमेरा असं सगळं एका ठोक रकमेत देऊन टाकलं. कॅमेऱ्याची क्लाउडची वर्गणी आठवणीने बंद केली होती आणि प्लग काढून ठेवला होता. काम झालं, असं मला वाटलं.

कॅमेऱ्याचा हिशेब मात्र शेतजमिनीसारखा असतो. ताबा एकाकडे आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, असं होऊ शकतं. वस्तू तिच्या खोलीत होती, पण कंपनीच्या सर्व्हरवर ती माझ्याच खात्याच्या नावे लागलेली होती. वर्गणी बंद केल्याने रेकॉर्डिंग साठवणं थांबतं, नाव उतरत नाही. थेट चित्र आणि हालचालीच्या सूचना बऱ्याच कॅमेऱ्यांत फुकटच असतात, त्या चालूच राहतात.

तरीही राउटर नव्या मुलीचा, इंटरनेटचा करारही तिचा, मग कॅमेऱ्याला वाट कशी मिळाली? इथे मी स्वतःला हुशार समजत होतो. राउटर देण्यापूर्वी मी तो फॅक्टरी सेटिंगवर आणला होता. जर्मन घरांत सर्रास दिसणाऱ्या फ्रिट्झबॉक्सच्या खालच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली असते आणि तिच्यावर वायफायचं नाव नि पासवर्ड छापलेला असतो. रीसेट केलं की राउटर या छापील नावावर आणि पासवर्डवर परत येतो. आम्ही चार वर्षं तेच छापील वापरत होतो. म्हणजे माझ्या रीसेटने राउटरचं नाव बदललंच नाही. मुलीनेही चिठ्ठीवरचा पासवर्ड टाकून आपला लॅपटॉप जोडला. कॅमेऱ्याच्या पोटात तो पासवर्ड आधीपासून होता. तिने प्लग लावताच त्याला ओळखीचं घर सापडलं आणि तो इमानाने माझ्याकडे चित्र पाठवू लागला.

शेअर्ड फ्लॅटमध्ये, म्हणजे इथल्या विद्यार्थ्यांच्या ‘वेगे’मध्ये, हे आणखी सहज घडतं. एक जण जातो, बाकीचे राहतात आणि राउटरला कोणी हातच लावत नाही.

अशा वेळी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्याच्या राहत्या घरातलं चित्रण परवानगीवाचून करणं किंवा प्रसारित करणं आणि त्याच्या अगदी खाजगी आयुष्यात घुसणं, यासाठी जर्मन दंडसंहितेच्या कलम 201a मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड आहे. खाजगीत बोललेले शब्द परवानगीवाचून ध्वनिमुद्रित करण्यासाठी कलम 201 खाली तीन वर्षांपर्यंत. दोन्हींत हेतू लागतो, अनवधान पुरत नाही. पण एकदा कळल्यावरही ॲप उघडून पाहत बसलो असतो, तर अनवधानाची सबब मलाच देता आली नसती.

कलम 201 मुळे एक गोष्ट घर सोडण्याच्या बरीच आधी करावी लागते, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. इथे घर सोडण्याची नोटीस साधारण तीन महिन्यांची असते. तुम्ही अजून त्याच घरात राहत असता आणि शनिवारी घर बघायला अनोळखी लोकांची रांग लागते. ते तुमच्या बैठकीत उभे राहून भाडं, पगार, होणारं बाळ असं सगळं बोलतात आणि कोपऱ्यातला कॅमेरा आवाजासकट ते टिपत असतो. युरोपच्या डेटा संरक्षण कायद्यातली, म्हणजे डीएसजीव्हीओतली घरगुती वापराची सूट तुमच्या घरच्यांपुरती समजावी, या रांगेसाठी नाही. त्यामुळे घर दाखवायच्या दिवशी, आणि घरमालकासोबतच्या उबरगाबेच्या म्हणजे घर सोपवण्याच्या वेळी, कॅमेऱ्याचा प्लग काढलेला बरा. झाकण किंवा टोपी घालून भागत नाही, कारण मायक्रोफोन ऐकतच असतो.

आता पुसण्याकडे येऊ. पुसण्याआधी काय ठेवायचं ते ठरवा. आमच्या कॅमेऱ्यात वॉशिंग मशीनखालून पाणी वाहतानाची एक चित्रफीत होती, तारखेसह. घर परत मिळाल्यापासून सहा महिन्यांपर्यंत घरमालक नुकसानीचा दावा करू शकतो, हे जर्मन नागरी संहितेच्या कलम 548 मध्ये आहे. अनामत रकमेवरून, म्हणजे काउत्सिओनवरून वाद झाला तर असली फीत उपयोगी पडते. ती डाउनलोड करून कॅमेऱ्याच्या ॲपबाहेर ठेवली की बाकीचं पुसायला हरकत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो राउटर चालू असतानाच पाळायचा. बहुतेक जण सामान बांधताना पहिल्यांदा राउटर काढतात. मग कॅमेरा ऑफलाइन होतो. ॲपमधून तो काढून टाकता येतो, पण ‘आता तू याचा नाहीस’ हा निरोप कॅमेऱ्यापर्यंत पोचतोच असं नाही. काही कॅमेऱ्यांना रीसेटचं बटणच नसतं. गूगलच्या जुन्या नेस्ट कॅम इनडोअरला ते नव्हतं, ॲपमधून काढणं हाच त्याचा रीसेट होता.

म्हणून आधी क्लाउडमधल्या चित्रफिती ॲपमधून पुसाव्यात. काही कंपन्यांत कॅमेरा काढला की फितीही जातात, पण सगळीकडे तसं नाही. आणि कॅमेरा यादीतून गेल्यावर उरलेल्या फितींपर्यंत पोचायची वाटच ॲपमध्ये सापडत नाही, असंही होतं. मग Gerät entfernen म्हणजे ‘उपकरण काढा’ हे बटण. कॅमेऱ्याचा दिवा पहिल्या दिवशी जोडणी करताना लुकलुकत होता तसा पुन्हा लुकलुकू लागेपर्यंत थांबा. रीसेटचं बटण असेल तर टाचणीने दाबून धरा. दोन्ही करायचं, कारण अनेक कंपन्या चोरीला आळा म्हणून नुसत्या बटणाने खात्यावरचं नाव उतरवत नाहीत. नव्या माणसाने जोडायला घेतला की ‘हे उपकरण दुसऱ्या खात्यावर आहे’ असा फलक येतो आणि मग तुम्हाला शोधत फिरण्याची पाळी त्याच्यावर येते.

आत मायक्रोएसडी कार्ड असेल तर ते काढूनच घ्या. कॅमेऱ्याच्या रीसेटने कार्ड पुसलं जाईल असं धरून चालू नका, आणि ॲपमधलं ‘फॉरमॅट’ बरेचदा फक्त अनुक्रमणिका फाडतं, पानं तशीच राहतात. फुकटच्या रिकव्हरी प्रोग्रामने ती वाचता येतात. कार्ड द्यायचंच असेल तर विंडोजवर ही आज्ञा चालवा. त्यात E: च्या जागी कार्डाचं अक्षर नीट तपासून घाला, चुकलं तर भलताच ड्राइव्ह जाईल.

```
format E: /fs:exFAT /p:1
```

ही आज्ञा कार्डावर आधी शून्यं आणि मग एकदा यादृच्छिक आकडे लिहिते. तरी कार्डाचा कंट्रोलर काही राखीव पेशी बाजूला ठेवतो, तिथवर ही आज्ञा पोचत नाही. माझ्या मते दहा-बारा युरोच्या कार्डासाठी एवढा व्याप कशाला? ते काढून आपल्याकडेच ठेवावं, नाहीतर चिप कात्रीने कापून ई-कचऱ्यात द्यावं.

खात्यातून काढलं, रीसेट केलं, कार्ड काढलं, तरी एक खिडकी उघडी राहू शकते. 2019 च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या वायरकटर या संस्थेने असाच प्रकार उजेडात आणला. एका माणसाने आपला नेस्ट कॅम इनडोअर व्यवस्थित रीसेट करून विकला. पण तो कॅमेरा त्याने पूर्वी विंक नावाच्या स्मार्ट होम सेवेशीही जोडलेला होता. नव्या मालकाने आपल्या खात्यावर कॅमेरा चालू केला, आणि जुन्या मालकाला विंकच्या ॲपमध्ये त्या परक्या घराची स्थिर चित्रं एकामागून एक दिसू लागली. गूगलने नंतर ती चूक दुरुस्त केली. पण रचना आजही तशीच आहे. कॅमेरा ॲलेक्सा, गूगल होम अशा एखाद्या सेवेला जोडला की तिच्याकडे स्वतःची वेगळी किल्ली जाते. त्यामुळे अशा प्रत्येक ॲपमध्ये जाऊन तिथलाही दुवा तोडावा. वर्गणी ॲप स्टोअरमधून घेतली असेल तर ती तिथूनच रद्द करावी लागते, नाहीतर कॅमेरा गेला तरी पैसे कापले जात राहतात.

खातंच तुमच्या हातात नसेल, उदाहरणार्थ निघून गेलेल्या सहभाडेकरूच्या नावावर असेल, तर डीएसजीव्हीओचं कलम 17 आहे. तुमच्याबद्दलची माहिती पुसा, असं कंपनीला लेखी कळवता येतं आणि तिने एका महिन्याच्या आत उत्तर द्यायचं असतं. गुंतागुंतीच्या प्रकरणात ती मुदत वाढवून घेऊ शकते. तोवर कॅमेऱ्याचा प्लग काढून ठेवणं कोणाच्याही परवानगीवाचून जमतं.

नाव खरंच उतरलं का, याची खात्री करायची एकच पक्की रीत मला माहीत आहे. दुसऱ्या फोनवर नवं खातं उघडा, मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि परक्यासारखे होऊन तोच कॅमेरा जोडून पाहा. बिनतक्रार जोडला गेला तर तो मोकळा आहे. मग या नव्या खात्यातूनही त्याला काढा आणि राउटर शेवटी बंद करा. त्या रात्री मी ॲपमधून कॅमेरा काढला, तिने फोनवर माझं ऐकत बटण दाबून धरलं आणि स्वतःच्या खात्यावर जोडून पाहिला. पहिल्या प्रयत्नात जोडला गेला. मग तिने तो उचलून खणात टाकला, तिला तो मुळात नकोच होता.

आमच्याकडे आणखी एक फोन उरला होता, नाशिकला आईच्या हातात. नातीला झोपलेली बघता यावी म्हणून मी तिला ॲपमध्ये पाहुणी म्हणून घेतलं होतं. मुख्य खात्यातून कॅमेरा काढताच तिचा प्रवेशही गेला आणि दुसऱ्या सकाळी ‘ॲपमध्ये कॅमेराच का दिसत नाही रे?’ असा फोन आला. पण तिने वर्षभर ॲपमधून उतरवलेल्या आणि मावश्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या फिती तशाच आहेत. ‘सर्वांसाठी पुसा’ची मुदत दोन-अडीच दिवसांची असते, ती कधीच उलटून गेली. मी तिला म्हटलं, निदान तुझ्या फोनमधल्या तरी काढ. ती म्हणाली, घर तुम्ही सोडलंत, मी नाही.