तापलं की खाली उतरणारी पातळी

इलेक्ट्रॉनांनी भरलेली सर्वांत वरची ऊर्जा म्हणजे फर्मी पातळी, ही पुस्तकातली व्याख्या शून्य केल्व्हिनवरच्या तांब्याला चपखल बसते. सिलिकॉनमध्ये मात्र ती घोटाळ्यात पाडते.

सिलिकॉनमध्ये खाली भरलेला संयुजा पट्टा, वर रिकामा वहन पट्टा आणि मध्ये १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची दरी असते. फॉस्फरस मिसळला की एन-प्रकार तयार होतो. फॉस्फरसच्या पाच इलेक्ट्रॉनांपैकी चार बंधांत गुंततात. पाचवा सैल राहतो, वहन पट्ट्याच्या जेमतेम ०.०४५ खाली. शून्य केल्व्हिनवर सर्वांत वरचा इलेक्ट्रॉन हाच. फर्मी पातळी मात्र त्याच्याही वर, वहन पट्टा आणि तो यांच्या मधोमध, जिथे इलेक्ट्रॉनला बसायला जागाच नाही! कारण फर्मी पातळी म्हणजे अशी ऊर्जा, की तिथे जागा असती तर ती भरलेली असण्याची शक्यता निम्मी असती.

आता खोलीचं तापमान घेऊ. पन्नास लाख सिलिकॉन अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू आहे. जवळपास सगळे सैल इलेक्ट्रॉन वहन पट्ट्यात गेलेत, पण तिथल्या उपयोगी जागा त्यांच्या सुमारे २८०० पट आहेत. म्हणजे एखादी जागा भरलेली असण्याची शक्यता २८०० त एक. फर्मी पातळी ०.०२६ ने खाली सरकली की ही शक्यता २.७ पटीने घटते. २८०० पर्यंत पोचायला अशा आठ पायऱ्या लागतात, म्हणून पातळी वहन पट्ट्याच्या ०.२१ खाली सापडते.

१२७ अंश सेल्सिअसला इलेक्ट्रॉन तेवढेच राहतात, पण जागा दीडपट होतात आणि पायरीही ०.०३४ ची होते. पातळी ०.२९ पर्यंत उतरते. उष्णता दिली आणि पातळी खाली गेली, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्रच वाटतं.

बोरॉन मिसळलेल्या पी-प्रकारात सगळं उलटं. शून्य केल्व्हिनवर सर्वांत वरचे इलेक्ट्रॉन संयुजा पट्ट्याच्या माथ्यावर असतात, बोरॉनची जागा त्याच्या ०.०४५ वर रिकामी, आणि फर्मी पातळी या दोन्हींच्या मध्ये. खोलीत ती माथ्यापासून सुमारे ०.२ वर असते आणि तापमानाबरोबर आणखी वर चढते.

दोन्ही पातळ्या अशा दरीच्या मध्याकडे सरकतात, हे डायोडमध्ये दिसतं. दोन्ही बाजूंना इतकीच भेसळ असेल, तर सांध्यावरचा अंगभूत व्होल्टेज खोलीत ०.७१ असतो, १२७ अंशांना ०.५२ च्या आसपास. म्हणजे अंशामागे साधारण दोन मिलिव्होल्टची घट. ठरावीक प्रवाहावर डायोडचा व्होल्टेजही साधारण याच दराने घसरतो, म्हणूनच स्वस्त तापमापक म्हणून तो वापरता येतो.

सुमारे ४०० अंशांना सिलिकॉनचे स्वतःचे तुटलेले बंधच फॉस्फरसइतके इलेक्ट्रॉन देऊ लागतात. एन आणि पी हा भेद मग पुसट होत जातो. व्यवहारात गळतीचा प्रवाह त्याआधीच नकोसा वाढतो. साध्या सिलिकॉन भागांवर १५० किंवा १७५ अंशांची मर्यादा असते, त्यामागचं हे एक कारण.