खमतखामणा आपल्याच हातांनी
(छायाचित्रांतून घरचा स्टिकर-संच)

संवत्सरीचे प्रतिक्रमण आटोपून मंडळी स्थानकातून घरी परततात आणि तासाभरात घराघरांतील फोन वाजू लागतात. कमळ, दिवा आणि सोनेरी अक्षरांतील ‘मिच्छा मि दुक्कडं’ असे एकच चित्र मालेगावहून येते, मनमाडहून येते आणि पुण्याहूनही तेच येते. नाशिकला रविवार कारंज्याजवळ राहणाऱ्या माझ्या सासूबाईंनी ते पाचव्यांदा पाहिले आणि विचारले, “यात क्षमा मागणारा कोण आहे?” त्यांना फोनवर टाइप करता येत नाही; चित्रावर बोट ठेवणे मात्र सहज जमते. म्हणून गतवर्षी पर्युषणापूर्वी त्यांच्याच छायाचित्रांचा स्टिकर-संच करण्याचे ठरले.

व्हॉट्सॲपवर २०१८ पासून स्टिकर आहेत. एखादा सुटा स्टिकर आता व्हॉट्सॲपमध्येच फोटो निवडून करता येतो. परंतु नाव दिलेला, नातेवाइकांना एकत्र घेता येईल असा संच आम्ही स्टिकर बनवण्याच्या स्वतंत्र ॲपमधून केला. अशा एका संचात कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ३० स्टिकर असावे लागतात. हलते आणि स्थिर स्टिकर एकाच संचात मिसळता येत नाहीत. आम्ही स्थिरच, आणि तेही आठच घेतले: जय जिनेंद्र, प्रणाम, सुखसाता आहे ना, अनुमोदना, आशीर्वाद, जेवण झाले का, पोहोचलात का आणि खमतखामणा.

फोटो कोणता घ्यावा?

घरात सासूबाईंचे फोटो पुष्कळ होते. पहिली निवड माझ्या मुलाने केली: पांढरी साडी, मुखावर मुखवस्त्रिका, मागे चुन्याची पांढरी भिंत. ॲपने पार्श्वभूमी आपोआप काढली, तेव्हा साडीचा डावा खांदा भिंतीबरोबर गेला आणि मुखवस्त्रिकेचा दोराही नाहीसा झाला. कारण साधे आहे. माणूस कोठे संपतो आणि भिंत कोठे सुरू होते, हे यंत्र मुख्यतः रंग आणि उजेड यांतील फरकावरून ओळखते. पांढऱ्यावर पांढरे असेल, तर त्याला कडाच सापडत नाही. बारीक दोरा, चष्म्याची काडी, मोकळे केस आणि झिरझिरीत पदर हेही असेच हरवतात.

सासूबाईंनी तो फोटो वेगळ्याच कारणाने नाकारला. “सामायिकात फोन कोठून आला? आणि तेच सगळ्यांना दाखवायचे?” त्यांचे म्हणणे सर्वांना पटले. मग दुसऱ्या दिवशी सकाळी नवे फोटो काढले. त्यांनी मरून काठाची फिकट पिवळी साडी नेसली, मागे गडद हिरवे दार होते आणि समोरून खिडकीचा सौम्य उजेड येत होता. त्या दारापासून दोन हात पुढे बसल्या, त्यामुळे दारावर सावली पडली नाही. या वेळी कडा पहिल्याच प्रयत्नात नीट निघाली. फक्त जोडलेल्या हातांच्या कोपरांमधून दाराचा हिरवा तुकडा डोकावत होता, तो खोडरबराने बोटाने पुसावा लागला. असे ‘आतले’ भाग यंत्राच्या हातून हमखास सुटतात. प्रत्येक चित्रात ते शोधावेत.

चौकटीचा हिशेब

व्हॉट्सॲपचा स्टिकर बरोबर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा चौकोन असतो. चारही बाजूंना १६ पिक्सेलची मोकळी जागा ठेवावी असा संकेत आहे. म्हणजे चित्रासाठी उरतात ४८० पिक्सेल. सासूबाईंचा उभा, पायांपर्यंतचा फोटो या उंचीत बसवला, तर चेहरा जेमतेम ६० पिक्सेलचा राहतो. फोनवर तो ओळखूही येत नाही. तोच फोटो कमरेपर्यंत कापला, तर चेहरा अडीच पटींनी मोठा दिसतो. म्हणून आम्ही मूळ ३००० बाय ४००० च्या फोटोतून डोक्यापासून कोपरापर्यंतचा चौकोन कापला, पार्श्वभूमी काढली आणि मग तो ४८० पर्यंत लहान केला. क्रम हाच ठेवावा. आधी लहान करून नंतर पार्श्वभूमी काढल्यास कडा दातेरी होतात.

कडेभोवती ८ पिक्सेलची पांढरी रेघ द्यावी. गडद पार्श्वभूमी वापरणाऱ्याच्या फोनवर काळे केस आणि गडद काठ त्या रेघेमुळेच उठून दिसतात. तयार चित्र वेबपी प्रकारचे आणि १०० केबीच्या आत हवे. हे रूपांतर बहुतेक ॲप स्वतःच करतात. संचाच्या ओळखीसाठी ९६ बाय ९६ पिक्सेलचे एक छोटे चित्र लागते. त्यात अक्षरे वाचता येत नाहीत, नुसता चेहरा घ्यावा.

आमची एक चूक सांगण्यासारखी आहे. मुलाने पार्श्वभूमी काढलेली चित्रे माझ्या फोनवर साधा फोटो म्हणून पाठवली. फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करते आणि त्यात पारदर्शकता टिकत नाही. सासूबाईंच्या मागे पुन्हा एक चौकोन येऊन बसला. तीच चित्रे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यावर जशीच्या तशी मिळाली.

अक्षरे आणि अंतिम तपासणी

एका स्टिकरवर दोन-तीन शब्दांपेक्षा अधिक मजकूर नको. काही ॲपमध्ये मराठी जोडाक्षरे फुटतात: ‘दुक्कडं’मधील ‘क्क’ सुटा होतो, ‘जिनेंद्र’मधील ‘द्र’ पाय मोडून बसतो, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते. तसे झाले, तर शब्द दुसऱ्या ॲपमध्ये लिहून चित्र म्हणून आणावा. संच वाटण्यापूर्वी प्रत्येक स्टिकर एकदा फिकट आणि एकदा गडद पार्श्वभूमीवर पाहावा. फिकट पार्श्वभूमीवर न दिसलेला हिरवा डाग आम्हाला गडद पार्श्वभूमीवर दिसला.

ही तपासणी आधीच व्हावी, कारण पाठवलेला स्टिकर पूर्णपणे परत घेता येत नाही. समोरच्याने तो जतन केला असेल, तर आपण संदेश पुसला तरी त्याच्याकडे स्टिकर राहतो आणि पुढेही जातो. म्हणून आम्ही घरात नियम केला: ज्याचा फोटो, त्याची संमती, लहान मुलांचे फोटो नाहीत, साधू-साध्वीजींचे आणि प्रतिमांचे तर मुळीच नाहीत. ‘जेवण झाले का’ या शब्दांखाली महाराजसाहेबांची मुद्रा येणे ही आशातनाच होय.

संवत्सरीच्या रात्री सासूबाईंनी आठवा स्टिकर उघडला: दोन्ही हात जोडलेले, खाली ‘खमतखामणा’. समूहावर टाकण्याआधी त्यांनी तो मालेगावच्या धाकट्या दिरांना पाठवला. दुकानाच्या वाटणीपासून दोघांत निरोपानिरोपीच चालली होती. थोड्या वेळाने त्यांचा फोन वाजला. स्टिकर नव्हता, स्वतः भाऊजीच बोलत होते.